ओल्या जमिनीवर माणूस उभा करताना सावली आणि प्रतिबिंब कसं बसवायचं: नवख्यांसाठी फोटोशॉप, पायरीपायरीने

कटआउट झकास झालंय, केसांच्या कडासुद्धा नीट निघाल्यात, तरी माणूस जमिनीवर उभा न वाटता हवेत तरंगतोय, ही तक्रार कंपोझिटिंग शिकणाऱ्या प्रत्येकाची असते आणि नव्वद टक्के वेळा दोष कटआउटचा नसतोच, पायाखालच्या जमिनीचा असतो. मग लोक लेयर स्टाइलमधली ड्रॉप शॅडो लावतात आणि अजूनच घोळ होतो, कारण ती सावली मागे भिंत असल्यासारखी पडते, जमिनीवर आडवी होतच नाही.

मी ठाण्यात फोटो एडिटिंगची कामं घेतो, साखरपुडा, डोहाळजेवण, वाढदिवसाचे बॅनर वगैरे. पावसाळ्यात एक काम हमखास येतं. शूट ठरलेलं असतं तलावाकाठी, पाऊस येतो, फोटो सोसायटीच्या गच्चीवर उरकतात आणि मग फोन येतो की दादा बॅकग्राउंड बदलून द्या ना. म्हणून उदाहरणही तसंच घेतोय. हिरवी नऊवारी आणि कोल्हापुरी चपला घातलेली एक मुलगी, उंची साधारण १.६ मीटर, फोटो गच्चीवरचा. तिला न्यायचंय उपवन तलावाच्या काठावर, पाऊस नुकताच थांबलाय, पेव्हर ब्लॉक ओले आहेत, मधे मधे डबकी आहेत आणि सप्टेंबरातलं साडेचारचं ऊन येऊरच्या डोंगराच्या बाजूने, कॅमेऱ्याच्या समोरून डावीकडून येतंय. सावली आणि प्रतिबिंब दोन्ही लागणार अशी ही केस आहे, त्यामुळे ही जमली की बाकीच्या सोप्या जातात.

## आधी जवळ काय काय हवं

- बॅकग्राउंडचा मूळ फोटो, पूर्ण साइझचा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला चालणार नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.
- माणसाचा फोटो, पाय पूर्ण दिसणारा. चपलेचा तळ कापला गेला असेल तर पुढचं सगळं फुकट.
- बॅकग्राउंडमध्ये निदान एक सरळ उभी वस्तू जिची सावली जमिनीवर पूर्ण दिसतेय. दिव्याचा खांब, रेलिंगचा दांडा, उभा माणूस, काहीही.
- फोटोशॉप. ब्राउझरमधल्या फोटोपीमध्येही यातलं बहुतेक सगळं होतं.
- साधा कागद-पेन आणि कॅल्क्युलेटर. एक छोटा भागाकार आहे.

आणि एक अट. दोन्ही फोटोंत ऊन एकाच बाजूने हवं. माणसाच्या फोटोत उजवीकडे दिसणाऱ्या गालावर ऊन आणि बॅकग्राउंडमध्ये ऊन डावीकडून, तर सावली कितीही छान काढा, बघणाऱ्याला खटकणारच. आपल्या केसमध्ये गच्चीवरच्या फोटोत ऊन मुलीच्या मागून, फोटोच्या डावीकडून आहे, खांद्यावर आणि अंबाड्यावर चकाकी आहे, चेहरा सावलीत आहे, म्हणजे जुळतंय.

## १. क्षितिज शोधा आणि माणूस त्यावर टांगा

हो, टांगाच. पाय कुठे ठेवायचे हे नंतर, आधी क्षितिजाची रेघ. ही रेघ म्हणजे कॅमेऱ्याच्या उंचीची रेघ. उपवनला मागे येऊरचा डोंगर दिसतो आणि नवखा माणूस डोंगराच्या कडेलाच क्षितिज समजतो, तिथेच फसतो. डोंगराची कड क्षितिजाच्या खूप वर असते. तलावाचा पलीकडचा काठसुद्धा क्षितिज नाही, तो त्याच्या थोडा खाली असतो.

खरी रेघ अशी काढा. पेव्हर ब्लॉकच्या ज्या सांध्यांच्या ओळी कॅमेऱ्यापासून लांब जातात त्यातल्या दोन घ्या, लाइन टूलने त्या पुढे वाढवा, जिथे भेटतील तिथून एक आडवी रेघ. काठाचं रेलिंग सरळ जात असेल तर त्याची वरची आणि खालची कड वाढवूनही तोच बिंदू मिळतो. ताळा करायचा असेल तर फोटोतली उभी माणसं बघा. कॅमेरा १.५ मीटरवर असेल तर सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला, जवळचा असो की लांबचा, ही रेघ जमिनीपासून १.५ मीटरवरच कापते, म्हणजे मोठ्या माणसांच्या साधारण हनुवटी-तोंडाजवळून.

आता आपल्या मुलीलाही तसंच. १.६ मीटर उंचीच्या मुलीला १.५ मीटरवरची रेघ नाका-डोळ्यांच्या आसपास कापणार. पाय जिथे ठेवायचेत तिथे ठेवा आणि साइझ तोवर लहानमोठी करा जोवर रेघ बरोबर तिथून जात नाही. बस, स्केलचा प्रश्न इथेच मिटला, डोळ्यांनी अंदाज लावत बसायचं काम नाही.

पण गच्चीवरचा फोटोही साधारण त्याच उंचीवरून काढलेला हवा. फोटोग्राफर टाकीवर चढून खाली बघत फोटो काढत असेल तर तो फोटो या बॅकग्राउंडवर बसणार नाही. बसवलात तरी पायांची पावलं वरून दिसतील आणि जमीन समोरून, पैसे परत मागतील ते वेगळंच.

फोटोतले खांब तिरके असतील, म्हणजे मोबाइल वर-खाली कलता धरलेला असेल, तर आधी कॅमेरा रॉ फिल्टरमधून ते सरळ उभे करून घ्या. पुढची पायरी सरळ खांबांवरच चालते.

## २. सावलीची दिशा आणि लांबी: अंदाज नको, रेघा मारा

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात म्हणून जरा सावकाश सांगतो.

आधी कॅनव्हास साइझ वाढवा, चारी बाजूंनी भरपूर, कारण रेघा फोटोबाहेर जाणार आहेत. मग बॅकग्राउंडमधला दिव्याचा खांब घ्या.

पहिली रेघ: खांबाच्या सावलीच्या टोकापासून खांबाच्या बुडापर्यंत, आणि तशीच पुढे क्षितिजापर्यंत वाढवा. जिथे क्षितिजाला टेकेल तो बिंदू 'अ'.

दुसरी रेघ: सावलीच्या टोकापासून खांबाच्या शेंड्यापर्यंत, आणि तशीच वर वाढवत न्या.

तिसरी रेघ: 'अ' पासून सरळ उभी वर. दुसरी आणि तिसरी जिथे भेटतात तो बिंदू 'ब'. हा 'ब' म्हणजे सूर्याची जागा. सूर्य फ्रेममध्ये असेल तर 'ब' नेमका त्याच्यावर यायला हवा, आला नाही तर क्षितिज चुकलंय, परत पायरी १.

आता मुलीची सावली. 'अ' पासून तिच्या पावलांमधून एक रेघ खाली पुढे. 'ब' पासून तिच्या डोक्यावरून एक रेघ खाली पुढे. दोन्ही जिथे छेदतात तिथे डोक्याच्या सावलीचं टोक. संपलं. दोन्ही खांद्यांसाठी आणि कोपरांसाठी हेच करा, फक्त 'अ' ची रेघ त्या त्या अवयवाच्या बरोबर खालच्या जमिनीवरच्या बिंदूतून न्यायची. पाच-सहा बिंदू मिळाले की सावलीचा सांगाडा तयार.

लांबीचा ताळा डोक्यातही होतो. सूर्य ४५ अंशांवर असेल तर सावली उंचीएवढी, ३० अंशांवर असेल तर उंचीच्या पावणेदोन पट, ६० अंशांवर असेल तर अर्ध्याहून जराशी जास्त. सप्टेंबरच्या सुरुवातीला ठाण्यात साडेचारला सूर्य साधारण ३० अंशांच्या आसपास असतो, म्हणजे आपल्या मुलीची सावली पावणेतीन मीटरच्या आसपास. ती कॅमेऱ्याकडे येतेय त्यामुळे फोटोत अजून लांब दिसणार आणि डोक्याकडे रुंद होत जाणार. टोक फ्रेमबाहेर गेलं तरी जाऊ द्या, ओढूनताणून आत बसवू नका.

जाता जाता, स्टॉक फोटो वापरणाऱ्यांसाठी. आपल्याकडे मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, सावली पायाखाली गोळा होते. डिसेंबरात मात्र भरदुपारीसुद्धा सूर्य ४७ अंशांच्या वर जात नाही, सावली जवळजवळ उंचीएवढी पडते. म्हणून 'दुपारचा फोटो आहे, सावली छोटी ठेव' हे वर्षभर लागू होत नाही.

## ३. सावलीचा आकार

मुलीच्या लेयरच्या थंबनेलवर `Ctrl` दाबून क्लिक करा, सिलेक्शन येईल. खाली नवीन लेयरवर ते कुठल्याही रंगाने भरा, रंग नंतर ठरवू. मग `Edit > Transform > Flip Vertical`, पाय पायांना लावा, आणि `Edit > Transform > Distort` ने चारी कोपरे ओढून डोकं-खांदे मघाच्या बिंदूंवर बसवा.

आपल्या केसमध्ये हे जमतं कारण सूर्य मुलीच्या मागे आहे आणि कॅमेरा पुढे. सूर्याला तिची जी आकृती मागून दिसते ती जवळपास तीच आहे जी आपल्याला पुढून दिसते. ऊन बरोबर बाजूने असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण सूर्याला तिची बाजूची आकृती दिसत असते, अंबाडा मागे, नाक पुढे, दोन्ही हात एकावर एक. तेव्हा त्याच माणसाचा बाजूने काढलेला दुसरा एखादा फोटो मिळवा आणि त्याची आकृती वापरा. नसेल तर हाताने काढा, साडी असेल तर सोपं जातं, आकार बराचसा एकसंध असतो.

आता पाय. मुलीचा उजवा पाय पुढे आहे, डावा मागे, म्हणजे जमिनीवर दोन वेगळ्या जागा. एकच आकृती उलटी करून पुढच्या पायाला चिकटवलीत की मागच्या पायाची सावली पायापासून सुटते, आणि तरंगण्याचं मुख्य कारण तेच. सावली गुडघ्याच्या खाली दोन तुकड्यांत कापा, प्रत्येक पाय आपापल्या टाचेला लावा, वर पपेट वार्पने सांधून घ्या. नऊवारीत हे जास्तच जाणवतं कारण दोन्ही पाय वेगवेगळे दिसतात, सहावारी असती तर निऱ्यांनी झाकून घेतलं असतं.

कडा कशा ठेवायच्या? सूर्य आकाशात साधारण अर्ध्या अंशाएवढा दिसतो, त्यामुळे सावलीची कड लांब जाईल तशी पसरते. सूर्यकिरण १ मीटर आला की पसरट कड सुमारे १ सेंटीमीटर, असा ढोबळ हिशोब. डोक्यापासून जमिनीपर्यंत ३० अंशांत किरणाला ३.२ मीटर यावं लागतं, म्हणजे डोक्याच्या सावलीची कड आडवी ३ सेंटीमीटर आणि लांबीच्या दिशेने ६ सेंटीमीटर मऊ. पायाशी जवळपास शून्य. लेयर स्मार्ट ऑब्जेक्ट करा आणि `Filter > Blur Gallery > Field Blur` लावा, एक पिन पायाशी, ब्लर ० किंवा १, दुसरी पिन डोक्याशी. तिथे किती ते ठरवायला चेहऱ्याची रुंदी बघा, कड तिच्या पाव भागाच्या आत राहायला हवी. लोक डोक्याकडे इतकं ब्लर करतात की सावली धुरासारखी दिसते, खणखणीत उन्हात असं कधीच होत नाही.

## ४. सावलीचा रंग: काळा नको, भागाकार करा

काळा रंग भरून ओपॅसिटी ५० टक्के ही सवय मोडा. उघड्यावरच्या सावलीत ऊन पोचत नसलं तरी निळ्या आकाशाचा उजेड पोचतोच, म्हणून ती थोडी निळसर असते. किती निळसर, किती गडद, हे बॅकग्राउंडमधल्या खांबाची सावलीच सांगते.

आयड्रॉपर घ्या, वर सॅम्पल साइझ `31 by 31 Average` करा म्हणजे एका दाण्यावर आकडा अडकणार नाही. एकाच रंगाच्या पेव्हर ब्लॉकवर दोन ठिकाणी मोजा, एक उन्हात, एक खांबाच्या सावलीत. जिथे पाणी चकाकतंय ती जागा टाळा. या फोटोत उन्हातला ब्लॉक आला १६८, १६०, १५० आणि सावलीतला ७४, ७६, ८२. आता प्रत्येक चॅनलला सावली भागिले ऊन गुणिले २५५:

```
R: 74 / 168 x 255 = 112
G: 76 / 160 x 255 = 121
B: 82 / 150 x 255 = 139
```

सावलीचा लेयर ११२, १२१, १३९ या रंगाने भरा, ब्लेंड मोड मल्टिप्लाय, ओपॅसिटी १००. मल्टिप्लाय म्हणजे खालच्या रंगाला या रंगाने गुणून २५५ ने भागणं, त्यामुळे उन्हातला ब्लॉक आपोआप ७४, ७६, ८२ वर येतो, खांबाच्या सावलीशी तंतोतंत. ब्लॉकचे सांधे, वाळूचे कण, सगळं तसंच्या तसं दिसत राहतं. ओपॅसिटीच्या पट्टीशी खेळायची गरजच उरत नाही. एवढी एक गोष्ट या लेखातून घेतलीत तरी माझं काम झालं.

इथला सापळा: तुमची सावली जिथे झाडाच्या किंवा रेलिंगच्या आधीच पडलेल्या सावलीवर जाते तिथे दुप्पट गडद होते. खऱ्या जगात ऊन एकदाच अडतं, अडलेलं ऊन परत अडवता येत नाही. तेवढा भाग मास्कने पुसा. पुसताना कड नीट धरा, नाहीतर दोन सावल्यांच्या मधे उजळ फट दिसते.

## ५. पायाखालची काळी रेघ

लांब सावली कितीही बरोबर असो, माणूस जमिनीला टेकलाय हे डोळ्याला सांगते ती चपलेच्या तळाखालची बारीक काळी रेघ. हिला वेगळा लेयर द्या.

फोटो २०० टक्के झूम करा आणि कोल्हापुरीकडे नीट बघा. चामड्याचा तळ सगळीकडे सारखा टेकत नाही. अंगठ्याखाली पूर्ण टेकलेला असतो, मधल्या भागात कड जराशी उचललेली, आणि मागच्या पायाची टाच चालताना थोडी वर. म्हणून रेघ एकसारखी काढायची नाही. अंगठ्याखाली २-३ पिक्सेलची, अगदी गडद, कड टणक. मधे पातळ आणि फिकट. उचललेल्या टाचेखाली रेघ नकोच, तिथे फक्त मऊ डाग. रंग शुद्ध काळा न घेता ब्लॉकच्याच रंगाचा अगदी गडद तपकिरी घ्या, ब्लेंड मोड मल्टिप्लाय.

मग आणखी एक लेयर, मोठा मऊ ब्रश, फ्लो ५ टक्के, पावलाभोवती साधारण वीतभर हलकंसं गडद करा. पावलाजवळ आकाशाचा उजेडसुद्धा थोडा अडतो, ते हे. साडीचा काठ जमिनीजवळ येतो तिथेही थोडं.

आभाळ भरलेलं असेल तर पायऱ्या २, ३, ४ सोडून द्या, फक्त ही पायरी आणि पुढचं प्रतिबिंब. ढगाळ दिवशी लांब सावली पडतच नाही, तरी लोक सवयीने टाकतात.

## ६. प्रतिबिंब: सरळ खाली, सूर्य कुठेही असो

सावली सूर्याच्या उलट जाते. प्रतिबिंबाचा सूर्याशी काही संबंध नाही, ते नेहमी वस्तूच्या बरोबर खाली, सरळ, कॅमेऱ्याकडे येतं. आपल्या फोटोत सावली उजवीकडे तिरकी आणि प्रतिबिंब उभं खाली, दोन्ही पायापाशी एकत्र आणि पुढे फाकलेली. दोन्ही एकाच दिशेला असतील तर काहीतरी चुकलंय, सूर्य बरोबर समोर असेल तरच तसं होतं.

मुलीच्या लेयरची कॉपी, फ्लिप व्हर्टिकल, पाय पायांना. इथेही पाय वेगळे कापायचे, कारण पुढच्या पायाचा आरसा खाली आहे आणि मागच्याचा वर. उचललेली टाच ४ सेंटीमीटर वर असेल तर तिचं प्रतिबिंब तेवढंच खाली, म्हणजे दोघांच्या मधे दुप्पट अंतर. प्रतिबिंबातली टाच खऱ्या टाचेला चिकटवू नका.

आता किती दिसू द्यायचं. ओल्या जमिनीवर प्रतिबिंब पायाशी ठळक आणि डोक्याकडे पुसट होत जातं हे सगळ्यांना माहीत असतं, ग्रेडियंट सगळेच लावतात, पण का ते कळलं की किती लावायचं तेही कळतं. पाण्यावर जितकं तिरपं बघाल तितकं ते जास्त परावर्तन करतं. कॅमेरा १.५ मीटरवर आणि मुलगी ५ मीटर लांब असेल तर पायांचं प्रतिबिंब आपण खूप तिरपं बघतो, तिथे पाणी सुमारे १८ टक्के उजेड परत देतं. डोक्याचं प्रतिबिंब जमिनीवर आपल्यापासून अडीच मीटरच्या आतच दिसतं, तिथे आपली नजर जास्त उभी असते, तिथे जेमतेम ५ टक्के. म्हणजे पायाशी जेवढं, डोक्याशी त्याच्या साधारण तिसरा हिस्सा. मास्कवरचा ग्रेडियंट पायाशी पांढरा आणि डोक्याशी गडद राखाडी ठेवा, पूर्ण काळा करू नका. मुलीला १५ मीटर लांब उभं केलं असतं तर पायापासून डोक्यापर्यंत फरक कमी आणि प्रतिबिंब एकूणच जोरदार.

ब्लेंड मोड? बरेच जण स्क्रीन सुचवतात. उन्हासमोरच्या ओल्या जमिनीवर ते उलटं पडतं. ती जमीन चमकतेय कारण ती आकाश दाखवतेय. मुलगी मधे आली की तेवढ्या जागी आकाशाऐवजी तिची हिरवी साडी दिसणार, आणि साडी आकाशापेक्षा खूप गडद आहे. म्हणजे प्रतिबिंबाने जमीन उजळत नाही, उलट चमक मारली जाऊन तिथे गडद हिरवा पट्टा येतो. स्क्रीन फक्त उजळ करतं, त्यामुळे गडद साडी गायब होते आणि जरीचा काठ तेवढा भुतासारखा उरतो. ब्लेंड मोड नॉर्मलच ठेवा आणि सगळं काम मास्कवर करा.

## ७. मास्क: डबकं वेगळं, ओला ब्लॉक वेगळा

जमीन एकसारखी ओली नसते. डबक्यात प्रतिबिंब आरशासारखं स्वच्छ, ओल्या ब्लॉकवर फिकट आणि उभं ओघळल्यासारखं, कोरड्या उंचवट्यावर काहीच नाही. म्हणून प्रतिबिंबाच्या दोन कॉप्या करा.

पहिली डबक्यांसाठी, ब्लर न करता. डबकी निवडायला चॅनल्समध्ये जा, ज्या चॅनलमध्ये डबकं आणि ब्लॉक सगळ्यात वेगळे दिसतात, बहुतेक वेळा निळा, त्याची कॉपी करा, लेव्हल्सने डबकी पांढरी आणि बाकी काळं करा, उरलेलं ब्रशने. हाच मास्क. डबक्यात ओपॅसिटी ८०-९० पर्यंत न्यायला हरकत नाही, कारण तिथे मूळचं आकाश पूर्ण झाकायचंय.

दुसरी ओल्या ब्लॉकसाठी. `Filter > Blur > Motion Blur`, अँगल ९०, म्हणजे उभा ब्लर, आडवा अगदी थोडा. खडबडीत ओल्या पृष्ठभागावर प्रतिबिंब उभंच ताणलं जातं, रात्री ओल्या रस्त्यावर गाड्यांचे दिवे लांब पट्ट्यांसारखे दिसतात त्याचं कारण हेच. ब्लर पायाशी कमी, खाली जाईल तसा जास्त, त्यामुळे कमी आणि जास्त ब्लरच्या दोन कॉप्या एकमेकीत ग्रेडियंटने मिसळा. ओपॅसिटी २५ पासून सुरू करा आणि बॅकग्राउंडमधला खांब किंवा रेलिंग त्याच ब्लॉकवर किती उमटलंय त्याच्याशी जुळवा. सांध्यांच्या खाचांमध्ये प्रतिबिंब तुटायला हवं, तिथे मास्क बारीक ब्रशने काळा करा. कंटाळवाणं काम आहे पण निदान पायाजवळच्या दोन-तीन ओळींत करा, लांबचं कुणी बघत नाही.

ब्लर केलं की मूळ फोटोतले दाणे जातात आणि तेवढा भाग प्लास्टिकसारखा दिसतो, त्यामुळे शेवटी अ‍ॅड नॉइझ १-२ टक्के, मोनोक्रोमॅटिक.

## ८. डबक्यात सावली पुसा

ही पायरी जवळजवळ सगळे विसरतात. बॅकग्राउंडमधल्या खांबाची सावली डबक्यावरून जाते तिथे झूम करून बघा. ब्लॉकवर ठळक असलेली सावली डबक्यात शिरली की जवळपास नाहीशी होते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते. कारण सावली म्हणजे पृष्ठभागावर पडून विखुरणारा उजेड कमी होणं, आणि स्वच्छ पाणी उजेड विखुरतच नाही, ते फक्त आरसा दाखवतं. म्हणून सावलीच्या मास्कवर डबक्यांचा तोच मास्क उलटा करून लावा. ओल्या ब्लॉकवर सावली थोडी कमी करा, साधारण खांबाच्या सावलीएवढी.

अपवाद गढूळ पाणी. चहासारखं तपकिरी पाणी असेल तर त्यातली माती उजेड विखुरते, म्हणून त्यावर सावलीही दिसते आणि प्रतिबिंबही. आपल्याकडच्या पावसाळ्यात असली डबकीच जास्त, त्यामुळे आधी डबक्याचा रंग बघा मग पुसा.

लेयरचा क्रम खालून वर: बॅकग्राउंड, लांब सावली, ब्लॉकवरचं प्रतिबिंब, डबक्यातलं प्रतिबिंब, पावलाभोवतीचा मऊ डाग, काळी रेघ, मुलगी. प्रतिबिंब सावलीच्या वर का, तर सावलीने प्रतिबिंब गडद होत नाही.

## ९. देण्याआधी तपासा

सगळ्यात वर ब्लॅक अँड व्हाइट अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाका. रंग गेले की सावल्यांच्या गडदपणातला फरक लगेच दिसतो, खांबाची एक आणि मुलीची एक असं वाटायला नको. मग पूर्ण फोटो आडवा फ्लिप करून बघा, इतका वेळ बघून डोळा सरावलेला असतो, उलटा केला की चूक समोर येते. शेवटी मोबाइलवर पाठवून अंगठ्याएवढा बघा. त्या साइझला पायाखालची रेघ अजूनही जाणवायला हवी.

साडीच्या खालच्या काठावर ओल्या जमिनीची हलकी चमक यायला हवी, एक कर्व्ह्ज लेयर, मास्क, हलका हात, झालं.

आणि फाइल फ्लॅटन करून सोडून देऊ नका. 'अ', 'ब' आणि क्षितिजाच्या रेघांचा लेयर लपवून पीएसडीत तसाच ठेवा, कारण दुसऱ्या दिवशी मुलीच्या आईचा मेसेज येणारच की दादा, हिला जरा डावीकडे घ्या ना, तो कचऱ्याचा डबा दिसतोय. नवख्याला वाटतं मुलगी, सावली, प्रतिबिंब सगळे लेयर एकत्र निवडून सरकवले की काम झालं. प्रतिबिंब सरकवून चालतं, फक्त डबक्यांचा मास्क आधी लेयरपासून अनलिंक करा, कारण डबकी जागेवरच राहणार. सावली मात्र सरकवून चालत नाही, पाय हलले की 'अ' पासूनची रेघ वेगळ्या कोनात जाते, टोक पुन्हा काढावं लागतं. रेघा ठेवलेल्या असतील तर दहा मिनिटांचं काम, नसतील तर परत खांबापासून सुरुवात.